पैसे अडकले नव्हते, फिरवले गेले होते: कोल्हापुरातल्या एका ब्रोकर-तक्रारीचा प्रवास

२०२४ च्या जुलैमध्ये, पाऊस चांगलाच लागलेला असताना, सर माझ्याकडे आले. हे निवृत्त गणित शिक्षक, राहायला राजारामपुरीत. मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस, त्यामुळे पैशाच्या कागदाचं काही अडलं की गल्लीतले लोक माझ्याकडे येतात. त्यांचं, ब्रोकरचं आणि सब-ब्रोकरचं नाव मी गाळलंय. आकडे आणि तारखा मात्र ठेवल्यात, कारण या प्रकरणाचा निकाल त्यांच्यावरच ठरला.

सरांची तक्रार एका वाक्याची होती. "शेअर विकून दहा दिवस झाले, पैसे आले नाहीत. तेवढे मिळवून द्या."

त्यांनी मंगळवारी, ९ जुलैला, एका औषध कंपनीचे ४०० शेअर ६१० रुपयांनी विकले होते. दलाली आणि कर वजा जाता २,४२,८६० रुपये येणं होतं. नातीच्या पुण्यातल्या कॉलेजची आणि वसतिगृहाची फी त्यातून भरायची होती. विकायला त्यांनीच सांगितलं होतं, फोन करून. सब-ब्रोकर, म्हणजे ब्रोकरचा इथला एजंट, त्यांचा जुना विद्यार्थी. त्याचं ऑफिसही राजारामपुरीतच, चालत पाच मिनिटांवर. सर रोज तिथून जात होते आणि रोज वेगळं उत्तर ऐकत होते. आधी बँकेचा सर्व्हर, मग मोहरमची सुट्टी, मग "हेड ऑफिसला लावलंय सर, आज-उद्यात पडतील बघा."

आपल्याकडे २७ जानेवारी २०२३ पासून सगळ्या शेअरची सेटलमेंट व्यवहारानंतरच्या पुढच्या कामकाजाच्या दिवशी होते. म्हणजे ९ तारखेला विकलेल्या शेअरचे पैसे १० तारखेला एक्स्चेंजच्या बाजूने ब्रोकरकडे पोचले होते. तिथून पुढे अडकायला फक्त ब्रोकरचं घर उरतं. म्हणून मी सरांना आधी दोन गोष्टी मागितल्या: पैसे मागितल्याचा काही लेखी पुरावा आणि ब्रोकरकडचा लेजर, म्हणजे खात्याचा उतारा.

पहिली गोष्ट लगेच मिळाली. १० जुलैला सकाळी ९ वाजून १० मिनिटांनी सरांनी व्हॉट्सॲपवर लिहिलं होतं: "काल विकलेल्या शेअरचे सगळे पैसे माझ्या बँक खात्यात पाठव. नातीची फी भरायची आहे." खाली उत्तर होतं, "हो सर." मी ते दोनदा वाचलं आणि स्क्रीनशॉट काढून घेतला. त्या क्षणी मला तो फक्त उशिराचा पुरावा वाटला होता.

लेजर मिळायला मात्र वेळ लागला, आणि तो का लागला हे समजल्यावर प्रकरणाचा रंगच बदलला. ब्रोकरच्या ॲपमध्ये लॉगिन करायला गेलो तर ओटीपीची मेल सरांच्या मेलवर येईना. खात्याला जोडलेला मेल सरांचा नव्हताच. खातं उघडताना "सर, तुम्ही कशाला त्रास घेताय" म्हणून विद्यार्थ्यानेच एक मेल तयार करून लावला होता, आणि त्याचा पासवर्ड त्याच्याच ऑफिसात होता. प्रत्येक व्यवहाराची काँट्रॅक्ट नोट, म्हणजे व्यवहाराची पावती, २४ तासांत ग्राहकाला पाठवायची असते. ती जात होती, नियमाप्रमाणे जात होती, फक्त सरांकडे जात नव्हती. मोबाइल नंबर सुदैवाने सरांचाच होता, त्यामुळे मोबाइलवरून आत शिरता आलं.

लेजर असा होता. ५ जुलैला खातं जवळपास शून्य. १० जुलैला २,४२,८६० जमा. आणि मग ११ जुलैपासून रोज एक बिल, सगळी इंडेक्सच्या ऑप्शन्सची, म्हणजे बाजाराचा निर्देशांक वर जाईल की खाली यावर पैसे लावायच्या करारांची:

११ जुलै: नफा ३,१४०
१२ जुलै: तोटा १८,४२०
१५ जुलै: तोटा २६,९०५
१६ जुलै: नफा ६,२१०
१८ जुलै: तोटा ४१,३८०
१९ जुलै: तोटा १२,५६५

बेरीज केली तर ८९,९२० रुपयांचा तोटा. शिल्लक १,५२,९४०. गणिताच्या शिक्षकाने ती बेरीज माझ्यासमोर तोंडी केली, आणि मग बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर विचारलं, "ऑप्शन म्हणजे काय हो?"

ऑप्शन्स ठरलेल्या गठ्ठ्याने, म्हणजे लॉटने, घ्यावे-विकावे लागतात. या सहा दिवसांत ४२८ लॉटची उलाढाल झाली होती, लॉटमागे ५० रुपये दलाली. म्हणजे २१,४०० रुपये दलाली आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ३,८५२. तोट्यातला चौथ्या हिश्शाहून जास्त भाग हा बाजाराने खाल्लेला नव्हता, फिरवण्याचाच खर्च होता. अनधिकृत व्यवहाराचा वास बहुधा इथेच येतो. ज्याचे पैसे असतात तो माणूस सहसा दिवसाला सत्तर लॉट फिरवत नाही, ज्याला प्रत्येक लॉटमागे वाटा मिळतो तो फिरवतो.

आता तक्रार लिहायची वेळ आली. सरांनी रात्री बसून चार पानं लिहून आणली. त्यात विद्यार्थ्याला दहावीत फुकट शिकवल्याचं होतं, त्याने वर्गाच्या मेळाव्यात शाल घातल्याचं होतं, आणि १२ जुलैला आपण गारगोटीला एका अंत्यविधीला होतो, तिथे रेंजसुद्धा नव्हती, तर ऑर्डर देणार कशी, हेही होतं. मी सगळं काढून टाकलं. शाल काढल्याचं त्यांना वाईट वाटलं, पण गारगोटी काढल्यावर ते भांडायलाच उठले. तो त्यांना सगळ्यात भक्कम पुरावा वाटत होता.

तो भक्कम नव्हता आणि लागतही नव्हता. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीचं २२ मार्च २०१८ चं परिपत्रक इथे कामाला येतं. त्यानुसार ग्राहकाने ऑर्डर दिल्याचा पुरावा हातात असल्याशिवाय ब्रोकरने व्यवहारच करायचा नाही. ग्राहकाच्या सहीचा कागद, फोनचं रेकॉर्डिंग, नोंदलेल्या मेलवरून आलेली मेल, इंटरनेट व्यवहाराचा लॉग, एसएमएसची नोंद किंवा कायद्याने तपासता येईल अशी दुसरी नोंद, यातलं काहीतरी हवं. वाद झाला तर ते दाखवायची जबाबदारी ब्रोकरची. आपण ऑर्डर दिली नाही हे सिद्ध करायला आपण निघालो की ओझं उगाच आपल्या डोक्यावर येतं. गारगोटीला होतो म्हटलं की समोरचा विचारणार, मग ११ ला कुठे होता, १६ ला कुठे होता? आणि एखाद्या दिवशी सर घरातच निघाले की तो दिवस हातचा गेला.

म्हणून पत्र एका पानाचं झालं. २२ जुलैला ब्रोकरच्या तक्रार-निवारण मेलवर आणि अनुपालन अधिकाऱ्याच्या मेलवर गेलं. गाभा असा होता:

"९ जुलैच्या विक्रीचे २,४२,८६० रुपये मी १० जुलैला सकाळी लेखी मागितले. ते आजवर मिळालेले नाहीत. त्याऐवजी ११ ते १९ जुलै या काळात माझ्या खात्यात ऑप्शन्सचे व्यवहार झाले, त्यांपैकी एकाचीही ऑर्डर मी दिलेली नाही. प्रत्येक ऑर्डरसाठी माझ्या सूचनेचा पुरावा, ऑर्डर लॉग आणि ती ज्या टर्मिनलवरून टाकली त्याचा आयडी व पत्ता द्यावा. माझ्या खात्यात आजपासून कोणताही नवा व्यवहार करू नये."

शेवटचं वाक्य विसरू नये. तक्रार चालू असताना "तोटा भरून काढतो" म्हणून आणखी व्यवहार होतात आणि मग हिशेब हाताबाहेर जातो.

खरी गरज टर्मिनल आयडीची होती. काँट्रॅक्ट नोटवर ऑर्डर क्रमांक आणि वेळ असते, पण ऑर्डर ग्राहकाच्या मोबाइलमधून आली की ऑफिसातल्या टर्मिनलवरून, हे लॉगमध्ये कळतं. सरांनी ॲपमधून कधी काही केलंच नव्हतं. सगळ्या ऑर्डरी ऑफिसातून गेल्या असतील तर प्रत्येकीमागे एक फोन, एक मेल किंवा एक सही असायलाच हवी होती.

दोन दिवसांत, २४ जुलैला, १,५२,९४० रुपये सरांच्या बँकेत आले. त्या दिवसांत पंचगंगेचं पाणी वाढत होतं, गल्लीत सगळ्यांच्या तोंडी राजाराम बंधाऱ्याची पातळी, आणि सर छत्री घेऊन माझ्याकडे सुटल्यासारखे आले. "झालं, दिलेत बघा." पाठोपाठ हेड ऑफिसची मेल होतीच: पे-आउट केलेलं आहे, तक्रार बंद करण्यात येत आहे.

बरेच लोक इथे थांबतात. उशिराची तक्रार सुटली असं वाटतं आणि गेलेले पैसे बाजारात गेले असं मन समजून घेतं. आम्ही त्याच मेलला उत्तर दिलं की आलेली रक्कम अंशतः मिळाल्याची आहे, उरलेल्या ८९,९२० रुपयांचा वाद कायम आहे आणि तक्रार बंद करायला संमती नाही.

२ ऑगस्टला खरं उत्तर आलं. त्यात तीन मुद्दे होते. ग्राहकाने रनिंग अकाउंटची संमती दिली असल्याने पुढची सेटलमेंट ४ ऑक्टोबरला होती, त्यामुळे उशीर झालाच नाही. पैशाची मागणी कंपनीकडे नव्हे तर सब-ब्रोकरकडे केली होती. आणि व्यवहार ग्राहकाच्या तोंडी सूचनेने झाले, ग्राहकाने ऑप्शन्सचा विभाग स्वतः सही करून सुरू केला होता, रोजचे एसएमएसही त्याला जात होते.

पहिला मुद्दा ऐकायला पक्का वाटतो म्हणून त्यावर थोडं थांबतो. रनिंग अकाउंटची संमती म्हणजे ग्राहकाचे पैसे ब्रोकरकडे राहू द्यायची मुभा. महिन्याची किंवा तिमाहीची सेटलमेंट ही त्याची शेवटची हद्द आहे, तोवर ग्राहकाने हात बांधून बसायचं असा तिचा अर्थ नाही. मागितले की पैसे एका कामकाजाच्या दिवसात द्यायचे, आणि ते क्लिअरिंगच्या बाजूला पडून असतील तर तीन दिवसांत. सरांनी १० तारखेला मागितले. सगळ्यात सैल हिशेब धरला तरी १५ जुलैला ते मिळायला हवे होते. दुसऱ्या मुद्द्याला उत्तर छोटं आहे: सब-ब्रोकर, ज्याला आता अधिकृत व्यक्ती म्हणतात, त्याने केलेल्या आणि न केलेल्या सगळ्याची जबाबदारी ब्रोकरची असते.

पण तिसऱ्या मुद्द्यापाशी मला पहिल्या दिवशीचा तो स्क्रीनशॉट आठवला. तोवर आम्ही दोन वेगळ्या तक्रारी समजून चाललो होतो. एक उशिराची, एक बिनसांगता केलेल्या व्यवहारांची. उशिराची किंमत काढायला बसलो तर ती हास्यास्पद निघाली: १,५२,९४० वर १५ ते २४ जुलै असे नऊ दिवस, १२ टक्के धरले तरी साडेचारशे रुपये. तेवढ्यासाठी कोण भांडणार? पण त्या उशिरातच दुसऱ्या तक्रारीचा पुरावा होता. जो माणूस १० तारखेला सकाळी लिहितो की सगळे पैसे पाठव, फी भरायची आहे, तो ११ तारखेला त्याच पैशातून ऑप्शन्स घ्यायला का सांगेल? आणि पैसे वेळेवर गेले असते तर व्यवहाराला मार्जिनच, म्हणजे त्यासाठी खात्यात लागणारी रक्कमच, उरली नसती. पैसे रोखल्याशिवाय ते व्यवहार होऊच शकत नव्हते. यानंतर मी प्रत्येक कागदात आधी १० जुलैचा संदेश ठेवला आणि मग ११ जुलैचं बिल.

६ ऑगस्टला सेबीच्या स्कोअर्स या तक्रार-पोर्टलवर तक्रार टाकली. तिथे ब्रोकरला २१ दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि घटनेपासून एका वर्षाच्या आत यावं लागतं. स्कोअर्स नुकसान किती हे ठरवून देत नाही, पण लेखी उत्तर वदवून घेतं, आणि आम्हाला तेच हवं होतं. २३ ऑगस्टच्या उत्तरात ब्रोकरने लेजर जोडला, विभाग सुरू केल्याचा फॉर्म जोडला आणि लिहिलं की ऑर्डरी अधिकृत व्यक्तीच्या वैयक्तिक मोबाइलवर तोंडी घेतल्या गेल्याने रेकॉर्डिंग उपलब्ध नाही. मी ते वाक्य पेन्सिलने अधोरेखित केलं. पुरावा नाही हे त्यांनीच लिहून दिलं होतं. विभाग सुरू करण्याची सही म्हणजे दुकान उघडण्याची परवानगी, प्रत्येक मालाची ऑर्डर नव्हे.

इतकं सगळं बाजूने असताना प्रकरण पूर्ण जिंकलं का? नाही. दोन गोष्टी आडव्या आल्या आणि दोन्ही सरांच्याच होत्या.

पहिली म्हणजे मार्चमधला सरांचाच एक संदेश: "तू बघ, तुला योग्य वाटेल ते कर." तो एक जुना शेअर कधी विकायचा यावर होता, पण ब्रोकरने तेवढीच ओळ उचलून ती सरसकट परवानगी म्हणून जोडली. त्यावर आम्ही मागचे-पुढचे संदेश जोडले आणि लिहिलं की ग्राहकाच्या वतीने स्वतःच्या मर्जीने खरेदी-विक्री करणं हे पोर्टफोलिओ मॅनेजरचं काम आहे, त्याची नोंदणी वेगळी असते. ब्रोकरला तशी मुभा एका व्हॉट्सॲप ओळीने मिळत नाही. हा मुद्दा टिकला.

दुसरी गोष्ट टिकणारी नव्हती. शनिवारी, १३ जुलैला, सर ऑफिसात गेले तेव्हा विद्यार्थ्याने त्यांना सांगितलं होतं, "सर, थोडं फिरवलंय, सोमवारी वाढवून देतो की." आणि सर म्हणाले होते, "बरं, पण फीच्या आधी दे म्हणजे झालं." हे त्यांनी मला सप्टेंबरात सांगितलं. "मला वाटलं ते व्याजानं फिरवतोय." मी त्यांना रागावलो नाही, पण मनात बराच वैतागलो. एसएमएस ११ तारखेपासून मोबाइलवर येतच होते, जाहिरातींच्या गर्दीत न उघडलेले. कळूनही गप्प राहिलं की त्याला संमती समजायचा मार्ग खुला होतो, आणि इथे २२ तारखेपर्यंतची शांतता होती.

१० सप्टेंबरला smartodr.in या बाजारातले वाद ऑनलाइन सोडवणाऱ्या पोर्टलवर वाद नोंदवला. तिथे आधी समेट घडवणारा तटस्थ माणूस नेमला जातो, त्याला साधारण २१ दिवस असतात, आणि गुंतवणूकदाराला त्या टप्प्याचं शुल्क नाही. समेट झाला नाही तर लवाद. आमचा दावा लाखाच्या आतला, आणि असे दावे केवळ कागदपत्रांवर निकाली निघतात. मला ते फायद्याचं वाटत होतं, कारण कागद आमच्या बाजूचे होते. १३ जुलैचा संवाद कागदावर कुठेच नव्हता. पण पहिल्या बैठकीत तो निघाला, आणि विचारल्यावर सरांनी तो सरळ कबूल केला. खोटं बोलायचा सल्ला मी देणार नव्हतो, त्यांनी घेतलाही नसता.

बैठका व्हिडिओवर झाल्या, माझ्या टेबलावरच्या लॅपटॉपवर. २४ सप्टेंबरच्या पहिल्या बैठकीत ब्रोकरच्या प्रतिनिधीने दलाली आणि जीएसटी, म्हणजे २५,२५२ रुपये, "सदिच्छा म्हणून" परत द्यायची तयारी दाखवली. समेटकाराने त्याला एकच प्रश्न विचारला: १० जुलैची मागणी आल्यावर ११ जुलैला ते पैसे मार्जिन म्हणून कोणाच्या सूचनेवर वापरले? उत्तरात पुन्हा रनिंग अकाउंट आलं. मग त्याने आमच्याकडे वळून १३ तारखेचं विचारलं.

दुसरी बैठक ४ ऑक्टोबरला होती, ब्रोकरच्या पत्रात रनिंग अकाउंटच्या सेटलमेंटसाठी दिलेली नेमकी तीच तारीख. तिथे आकडा ७५,००० वर आला. माझं मत लवादाकडे जावं असं होतं. १३ जुलैपर्यंतचा निव्वळ तोटा १५,२८० आणि त्यानंतरचा ७४,६४०. गप्प बसल्याचा मुद्दा जास्तीत जास्त नंतरच्या भागाला लागला असता, आणि तिथेही दिवसागणिक ऑर्डरचा पुरावा ब्रोकरकडे नव्हताच. पण उलटही होऊ शकलं असतं. लवादाने तो मुद्दा पूर्ण मान्य केला असता तर हातात पंधरा हजार पडले असते. हा हिशेब मी मांडला तेव्हा सरांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "नको. मला पुढचा तास घ्यायचा नाही आता."

करारावर सही करण्याआधी आम्ही दोन अटी घालून घेतल्या. रक्कम सात दिवसांत थेट बँकेत, आणि खात्यातला मेल बदलून ऑप्शन्सचा विभाग बंद. ब्रोकरने आपली चूक मान्य नसल्याची ओळ टाकली, तशी ती बहुतेक करारांत असतेच. ११ ऑक्टोबरला ७५,००० आले.

डिसेंबरात सरांनी थोडे शेअर विकले, या वेळी स्वतः ॲपमधून. रात्री त्यांच्या नव्या मेलवर काँट्रॅक्ट नोट आली आणि दहा मिनिटांत फोन. "अहो, यात एसटीटी म्हणून काय कापलंय?"